रात्री साडेनऊचा पोल, सकाळी सातचा निकाल

"बहुमताने ठरलंय, आता चर्चा नको." हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे वाक्य पडलं की निम्मे लोक गप्प होतात आणि उरलेले अंगठा दाखवून मोकळे होतात. बहुमत कुणाचं, कशावर घेतलं, किती वेळात घेतलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर तो माणूस कटकट्या ठरतो. विषय सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा असेल तर त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं जातं. 'ज्याला काही लपवायचं नाही, त्याने घाबरायचं कशाला?' हा प्रश्न ठरलेलाच असतो.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पार्किंगमधून पेट्रोल आणि बॅटऱ्या चोरीला जातात, हे शिरोलीत राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. माझा विरोध आहे तो मतदानाच्या नावाखाली चाललेल्या प्रकाराला. चेअरमनने सरळ सांगितलं, की 'मी कॅमेरे बसवतोय', तर निदान जाब विचारायला एक माणूस तरी समोर असतो. वाकड्या पोलमध्ये तोही उरत नाही. निर्णय दोन-चार जणांचा असतो आणि जबाबदारी सगळ्यांच्या डोक्यावर जाते. म्हणून उघड हुकमापेक्षा असा पोल मला जास्त वाईट वाटतो.

एक सोसायटी, बत्तीस फ्लॅट

एमआयडीसीच्या आसपासची एक सोसायटी डोळ्यांपुढे धरू. नाव नको. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, पण असा प्रकार पाहिलेले वाचक बरेच असतील. दोन विंग, प्रत्येकी चार मजले, मजल्यावर चार फ्लॅट, असे एकूण बत्तीस. राहणारे बहुतेक फौंड्री आणि मशीन शॉपमधले. कुणी सुपरवायझर, कुणी मोल्डर, कुणी स्वतःची दोन लेथ टाकलेला. काही फ्लॅट भाड्याने दिलेले. ग्रुपमध्ये मात्र एकसष्ट नंबर आहेत, कारण काही घरांतून नवरा, बायको आणि मुलगा असे तिघेही आहेत, भाडेकरू आहेत आणि फ्लॅट विकून इचलकरंजीला गेलेले एक जुने गृहस्थही अजून आहेत.

रात्री साडेनऊला सेक्रेटरी पोल टाकतात: 'आपल्या सर्वांच्या सुरक्षेसाठी कॅमेरे बसवावेत का?' पर्याय तीन. 'हो, लगेच', 'हो, पुढच्या महिन्यात' आणि 'नको'. सकाळी सात वाजता निकाल जाहीर होतो. पहिल्याला सतरा, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला नऊ. बावीस विरुद्ध नऊ. 'प्रचंड बहुमत' म्हणून अभिनंदन होतं आणि दुपारी वर्गणीचा मेसेज येतो.

आता हेच आकडे नीट मोजू. पोलमध्ये फोन नंबर मत देतो, फ्लॅट देत नाही. ते बावीस नंबर कुठल्या घरांतले आहेत हे यादीशी ताडून पाहिलं तर ते बाराच फ्लॅटचे निघतात. त्यांतले दोन भाडेकरूंचे. म्हणजे सदस्य म्हणून 'हो' म्हणणारे फ्लॅट दहा. 'नको' म्हणणारे नऊ नंबर आठ फ्लॅटमधले. उरलेल्या बारा फ्लॅटमधून काहीच उत्तर नाही. बत्तीसपैकी दहा म्हणजे एक तृतीयांशही होत नाहीत, आणि याला प्रचंड बहुमत म्हटलं गेलं. आकडा कुणी खोटा लिहिला नाही, तरीही निकाल खरा नव्हता.

चूक तीन ठिकाणी आहे: मतदार कोण, पर्याय कोणते आणि मुदत किती. तिन्ही एकेक करून पाहू.

आधी यादी, मग मत

मतदानाचं पहिलं काम मतदार यादी, हे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्याला पाठ असतं. सोसायटीत मात्र ग्रुपमधले नंबर हीच यादी समजली जाते. ग्रुप ही निरोपाची सोय आहे, ती मतदार यादी होऊ शकत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे सहकारी संस्थेत एका सदस्याला एकच मत असतं, त्याच्या नावावर शेअर कितीही असोत. मतं समसमान पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत मिळतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच इमारती सहकारी सोसायट्या नसून अपार्टमेंट असतात. म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या. तिथे मताचं वजन फ्लॅटच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरतं. तीन बेडरूमवाल्याचा हिस्सा एक बेडरूमवाल्यापेक्षा मोठा असतो. बोलताना दोन्हींना आपण 'सोसायटी'च म्हणतो. म्हणून मोजणीआधी कपाटातून कागद काढून आपली इमारत यातली कुठली, ते बघावं लागतं. निकाल लागल्यावर हा शोध लागला तर भांडण ठरलेलं.

भाडेकरूला कायद्याने मत नाही, हे खरं. पण कॅमेरा रोज टिपणार तो त्यालाच, त्याच्या बायकामुलांना आणि त्याच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना. मालक पुण्यात बसलेला असतो. यावर साधा मार्ग आहे. भाडेकरूंचं मत वेगळं घ्यावं, वेगळं मोजावं आणि निकालासोबत जाहीर करावं. ते बंधनकारक नसेल, पण 'सात भाडेकरूंपैकी सहांना जिन्यात कॅमेरा नको' हे मालक सदस्यांना कळलं पाहिजे. त्यांची मतं मालकांच्या मतांत मिसळणं चूक आणि त्यांना विचारूच नये हीसुद्धा चूक.

पर्यायात लपलेला निकाल

प्रश्न लिहिणारा माणूस निम्मा निकाल लिहून ठेवतो. 'आपल्या सर्वांच्या सुरक्षेसाठी' हे शब्द प्रश्नात आले की 'नको' म्हणणारा आपोआप सुरक्षेच्या विरोधात जातो. तसेच दोन 'हो' आणि एक 'नको'. तारखेचा वाद उभा करून मूळ वाद बाजूला सारला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती कॅमेरे, कुठे, किती पैशांत, फुटेज कुणाकडे, यातलं काहीही पोलमध्ये नव्हतं. लोकांनी 'कॅमेरे' या शब्दाला मत दिलं. कुणाच्या मनात गेट होतं, कुणाच्या मनात स्वतःच्या दारासमोरचा पॅसेज.

मतं घेण्याआधी एक पानभर प्रस्ताव हवा. आपल्या बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीत तो असा असेल. गेट आणि पार्किंगला चार कॅमेरे, खर्च १९,२०० रुपये, म्हणजे फ्लॅटमागे ६००. त्याशिवाय दोन्ही विंगच्या आठ मजल्यांवर एकेक, असे एकूण बारा कॅमेरे, खर्च ५७,६०० रुपये, म्हणजे फ्लॅटमागे १,८००. दरपत्रकं दोन ठिकाणची जोडलेली. फुटेजचा बॉक्स कुठे राहणार, पासवर्ड कुणाकडे, किती दिवसांनी जुनं फुटेज पुसलं जाणार, कुणाला कुठल्या अर्जावर दाखवलं जाणार, पदाधिकाऱ्याच्या खाजगी मोबाइलवर चोवीस तास दिसणार की नाही, हेही त्याच पानावर. शेवटची बाब बारीक वाटते, पण अर्धा विरोध तिथेच असतो. अनेकांचा आक्षेप कॅमेऱ्याला नसतोच. आपली मुलगी किती वाजता घरी आली हे सेक्रेटरीने घरबसल्या मोबाइलवर पाहावं, याला असतो.

आता पर्याय. सरळ विचार केला तर तीन दिसतात: कॅमेरे नकोत, फक्त गेट आणि पार्किंगला हवेत, मजल्यांवरही हवेत. यांतला एकच निवडा असं सांगितलं आणि तीस फ्लॅटनी मत दिलं असं धरू. समजा 'नको'ला दहा, 'गेट-पार्किंग'ला नऊ आणि 'मजल्यांवरही'ला अकरा मतं पडली. अकरावाला पर्याय पुढे आहे, म्हणून बारा कॅमेरे बसतील. पण जरा थांबून बघा. तीसपैकी एकोणीस घरांना मजल्यावर कॅमेरा नको आहे. सगळ्यांत जास्त मतं मिळवणाऱ्या पर्यायाच्याच विरोधात सोसायटीचं बहुमत आहे.

म्हणून हा एकच प्रश्न दोन प्रश्नांत फोडायचा आणि दोन्हींना सगळ्यांनी उत्तर द्यायचं. पहिला: गेट आणि पार्किंगला कॅमेरे बसवावेत का? दुसरा: पहिला ठराव मंजूर झाला तर मजल्यांवरही बसवावेत का? पहिल्याला नऊ आणि अकरा मिळून वीस घरं 'हो' म्हणतील, दहा 'नको'. दुसऱ्याला अकरा 'हो' आणि एकोणीस 'नको'. निकाल निघाला: गेट आणि पार्किंगला चार कॅमेरे. तीन पर्यायांच्या पोलमध्ये सगळ्यांत कमी मतं मिळालेला हाच पर्याय होता. तरी तो 'नको'शी लढवा, जिंकतो. 'मजल्यांवरही'शी लढवा, तरी जिंकतो. तेवढीच माणसं, त्यांचं मन तेच, फक्त विचारण्याची रीत बदलली आणि निकाल उलटला. मग तीन पर्याय एकत्र टाकून 'जनतेचा कौल' म्हणणाऱ्याने नेमकं काय मोजलं?

एक अट इथे लक्षात ठेवावी. पायरीपायरीने विचारण्याची ही रीत पर्याय एकावर एक चढत जाणारे असतील तेव्हाच चालते: काहीच नको, थोडं हवं, जास्त हवं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे किंवा इमारतीचा रंग निळा की पिवळा, असल्या वादात पायऱ्या नसतात, तिथे प्रत्येक जोडी वेगळी लढवावी लागते.

आणि काही गोष्टी मतदानाला टाकूच नयेत. कॅमेऱ्याच्या कोनात एखाद्या घराचं दार उघडल्यावर आतली खोली दिसत असेल, तर तो त्या घराचा प्रश्न आहे. त्यावर एकतीस विरुद्ध एक असं मतदान करणं म्हणजे बहुमताच्या जोरावर शेजाऱ्याच्या घरात डोकावणं. तिथे त्या घराची लेखी संमती घ्या, नाहीतर कोन फिरवा.

गोव्याने हे १९६७ मध्ये करून दाखवलं

कुणी म्हणेल, सोसायटीच्या पोलला एवढे सोपस्कार कशाला? मराठी माणसाच्या अगदी जवळचं उदाहरण देतो. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल झाला. मुख्यमंत्री होते भाऊसाहेब बांदोडकर. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा. विरोधात जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष. विरोधकांचं म्हणणं होतं, की ज्यांना एक निकाल हवा आहे त्यांचंच सरकार मतदान घेणार असेल तर विश्वास कसा ठेवायचा? सरकारने सत्ता सोडली. डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीला राष्ट्रपती राजवट आली आणि त्या व्यवस्थेत कौल घेतला गेला. तारीख आधी जाहीर, चिन्हं ठरलेली: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. निकाल लागला: वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

बांदोडकर हरले. तो निकाल त्यांनी मानला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पुन्हा निवडून आला. हरणारा निकाल मानतो, कारण मैदान वाकडं होतं असं त्याला म्हणता येत नाही. मतदान न्याय्य ठेवण्याचा खरा फायदा हा आहे. जिंकणारा कसंही जिंकला तरी खूश असतो. काळजी हरणाऱ्याची घ्यायची असते.

पण याच कौलात एक कमतरताही होती. पर्याय दोनच होते. गोव्याला स्वतंत्र घटक राज्याचा दर्जा मिळावा, असा पर्याय पत्रिकेवर नव्हता. तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झालं तेव्हा सुटला. मधली वीस वर्षं गेली. जो पर्याय लोकांच्या मनात आहे तो कागदावर नसला, तर मतदानाने विषय संपत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो.

आपल्या सोसायटीला यातून दोन गोष्टी घेता येतात. कॅमेरे हवेत म्हणून ज्यांनी आवाज उठवला, त्यांनी मतदान चालवू नये. प्रस्ताव त्यांनी लिहावा, मोजणी दुसऱ्यांनी करावी. आणि पर्याय ठरवताना विरोधकाला विचारावं, की 'तुझं म्हणणं या कागदावर कुठे दिसतंय?' दिसत नसेल तर कागद अपुरा आहे.

मुदत: पाळी बदलेपर्यंत तरी थांबा

साडेनऊ ते सात या वेळेत मत देऊ शकतो तो जनरल शिफ्टवाला. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री अकरानंतर घरी येतो आणि जेवून झोपतो. रात्रपाळीवाला भट्टीजवळ असतो, फोन लॉकरमध्ये. सकाळी तो घरी येतो तेव्हा निकाल लागलेला असतो. शिरोलीसारख्या ठिकाणी अशी मुदत ठेवणं म्हणजे कामगारांना यादीतून वगळणंच. इथे सुट्टीचा वारसुद्धा सगळ्यांचा एक नसतो.

पाळ्या बहुतेक ठिकाणी आठवड्याने बदलतात. म्हणून मुदत सात दिवसांपेक्षा थोडी जास्त हवी. शनिवारी सकाळी सुरुवात आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी रात्री नऊला शेवट. एवढ्या काळात प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या पाळ्यांतला मोकळा वेळ मिळतो. आणि या आठवड्याआधी चार दिवस फक्त प्रस्तावावर बोलण्यासाठी ठेवावेत. नवा पर्याय, दुसरं दरपत्रक, शंका, जे काही मांडायचं ते या चार दिवसांत. त्यानंतर कागद गोठला. त्यात एक शब्दही बदलायचा नाही.

ही मुदत दोन्ही बाजूंना बांधते. विरोध करणाऱ्यांचीही एक जुनी खोड असते: ठराव हरतोय असं दिसलं की 'अजून माहिती हवी' म्हणून वेळ काढत राहायचं. तेही चालणार नाही. चार दिवसांत माहिती मागा, मिळाली नाही तर तसं लेखी नोंदवा, पण रविवारी नऊला मतदान संपणार.

मुदत पहिल्याच निरोपात तारीख, वार आणि वेळेसकट लिहायची आणि ती हलवायची नाही. व्हॉट्सअॅप पोलचा मोठा दोष असा, की चालू आकडे सगळ्यांना सतत दिसतात. आपली बाजू पुढे असली की अॅडमिन म्हणतो, 'झालं, बंद करूया.' मागे असली की म्हणतो, 'अजून बऱ्याच जणांनी पाहिलेलं नाही, उद्यापर्यंत वाढवू.' आकडे पाहून मुदत ठरवणारा माणूस मतं मोजत नाही, हवा तो आकडा येण्याची वाट पाहतो. असं झालं की ओळखणं सोपं आहे. मुदतीची वेळ पहिल्या निरोपात होती का, एवढंच वर जाऊन पाहा.

गप्प बसलेल्यांचं काय?

'ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांचा होकार गृहीत धरला जाईल.' सोसायटीच्या निरोपांतलं हे सगळ्यांत धोकादायक वाक्य. उत्तर न आलेला माणूस कारखान्यात असेल, गावी असेल, आजारी असेल, वाचता येत नसेल, किंवा घाबरला असेल. यांतल्या एकालाही 'हो' म्हणायचं होतं असा अर्थ निघत नाही.

घाबरण्याचं कारण खरं असतं. साध्या व्हॉट्सअॅप पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतं. तिसऱ्या मजल्यावर सुपरवायझर राहतो आणि पहिल्या मजल्यावर त्याच्याच लाइनवरचा हेल्पर. सुपरवायझरने 'हो'वर बोट ठेवल्यावर हेल्पर 'नको'वर ठेवेल? भाडेकरूला अकरा महिन्यांचा करार संपताना दिसत असतो. आणि कोल्हापुरात राहणाऱ्या मुसलमानाला जून २०२३ आठवतो. मोबाइलवरच्या स्टेटसवरून सुरू झालेल्या प्रकरणात शहर बंद झालं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तेव्हापासून ग्रुपवर काही लिहायचं नाही, असं अनेक घरांनी ठरवून टाकलं. बत्तीस घरांत अशी चार घरं असतील आणि कॅमेरा पहिल्यांदा कुठल्या मजल्यावर बसवायचा यावर चर्चा चालू असेल, तर ती चार घरं 'नको'वर बोट ठेवणार नाहीत. ती फोन बाजूला ठेवतील. त्या मौनाला होकार म्हणणं हा बेशरमपणा आहे.

यावर उपाय जुना आहे: कागदाची चिठ्ठी. बत्तीस सारख्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर दोन प्रश्न आणि 'हो' किंवा 'नको'चे चौकोन. एक बंद डबा. दोन माणसं, एक कॅमेऱ्यांच्या बाजूचा आणि एक विरोधातला, डबा घेऊन दारोदार जातात. यादीवर सही घ्यायची, चिठ्ठी द्यायची, माणूस आत जाऊन खूण करतो, घडी घालतो आणि डब्यात टाकतो. एक फेरी शनिवारी सकाळी दहाला, जे सापडले नाहीत त्यांच्यासाठी दुसरी पुढच्या रविवारी संध्याकाळी. बत्तीस दारं, तास-दीड तासाचं काम. मधल्या दिवसांत ज्याला सोयीचं असेल त्याने त्या दोघांना बोलावून घ्यावं. नऊ वाजता डबा सगळ्यांसमोर उघडायचा. सह्या आणि चिठ्ठ्या जुळल्या पाहिजेत. तीस सह्या आणि एकतीस चिठ्ठ्या निघाल्या तर मतदान रद्द, पुन्हा घ्यायचं.

चिठ्ठी जमत नसेल आणि पोलच घ्यायचा असेल तर निदान एवढं करा. प्रत्येक फ्लॅटचा एकच नंबर आधी नोंदवून घ्या आणि त्यांचाच वेगळा ग्रुप करा. पोल टाकताना एकापेक्षा जास्त उत्तरं निवडण्याची मुभा बंद करा, ती सहसा चालूच असते. नऊच्या ठोक्याला निकालाचा स्क्रीनशॉट दोन्ही बाजूंनी काढा, कारण पोलमध्ये दिलेलं मत नंतरही बदलता येतं. पण सगळं नीट केलं तरी नावं उघडी राहतात, हे विसरू नका. ज्या विषयात दबाव आहे त्या विषयात पोल नकोच.

किती जणांनी मत दिलं म्हणजे निकाल धरायचा, हेही डबा फिरण्याआधी ठरवा. माझ्या मते कॅमेऱ्यांसारख्या विषयात निदान दोन तृतीयांश फ्लॅटनी, म्हणजे बत्तीसपैकी बावीस जणांनी मत दिलेलं असावं आणि दिलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त 'हो' असावेत. तेवढी मतं आली नाहीत तर जैसे थे. मौन 'हो'मध्ये जाणार नाही आणि 'नको'मध्येही जाणार नाही.

कायदा पाळला म्हणजे झालं का?

इथे कुणीतरी उपविधी काढतो. ग्रुपवरचा पोल असो की चिठ्ठ्या, कायद्याने तो ठराव होत नाही, ठराव सर्वसाधारण सभेतच होतो. बरोबर आहे. आदर्श उपविधींप्रमाणे विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते, विषय नोटिशीत लिहिलेला लागतो, आणि गणपूर्तीला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला कमी आकडा लागतो. बत्तीस सदस्यांच्या सोसायटीत तो वीस. हजर असलेल्यांच्या साध्या बहुमताने ठराव होतो, म्हणजे अकरा हात वर झाले की पुरे. आणि अर्ध्या तासात वीस जण जमले नाहीत तर सभा तहकूब होते. ती पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच राहत नाही. कायद्यात बसून सात माणसं बत्तीस घरांचा निर्णय करू शकतात. सभा रात्री आठला ठेवली की दुसरी पाळी आपोआप बाहेर.

म्हणून 'आम्ही नियमाने केलं' हे उत्तर अपुरं आहे. नियम ही सगळ्यांत खालची पायरी. चिठ्ठ्यांचं मतदान आधी घ्यावं, त्याचा निकाल आहे तसा सभेत ठराव म्हणून मांडण्याचं कमिटीने लेखी कबूल करावं, आणि मग सभेने त्यावर शिक्का मारावा. सभेच्या इतिवृत्तात चिठ्ठ्यांचे आकडे लिहावेत: किती फ्लॅट, किती मतं, दोन्ही प्रश्नांना किती 'हो' आणि किती 'नको'.

'कॅमेऱ्यांपायी एवढा खटाटोप?' असं म्हणणाऱ्यांनी दुसरा हिशेबही मांडावा. रातोरात ठरवलेल्या कॅमेऱ्यांची वर्गणी अर्धे लोक देत नाहीत. मग मेंटेनन्स थकतो. एखाद्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यावर कुणीतरी फडकं टाकतं, कुठे वायर तुटलेली सापडते. दुरुस्तीला पैसे नसतात आणि सहा महिन्यांनी बाराच्या बारा कॅमेरे बंद. चोरी झाली की फुटेज नसतं. तेरा दिवसांचं मतदान त्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि 'लपवायचं काय आहे?' असं विचारणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. पहिला कॅमेरा तुमच्या दारासमोर लावू आणि पासवर्ड तुमच्या विरोधकाकडे देऊ. चालेल? चालणार नसेल, तर इतरांनाही तेच वाटतंय हे मान्य करा, आणि त्यांना चिठ्ठी, दोन स्पष्ट प्रश्न आणि पाळी बदलेपर्यंतचा वेळ द्या. त्यानंतर वीस विरुद्ध दहा असा निकाल लागला, तर विरोधात मत दिलेल्या दहांनी मुकाट्याने सहाशे रुपये भरावेत. तेव्हा ते भरतीलही.